नोकरी गेलेल्या मैत्रिणीला आपली आनंदाची बातमी कशी सांगावी?

*"माझं प्रमोशन झालंय. पण माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली. तिला कसं सांगू? की सध्या सांगूच नको?"*

सांगा, आणि दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगा. मात्र फोनवर किंवा समोर बसून नको, मेसेज करा.

माझी नोकरी गेली तेव्हा मी आठ महिने घरी होते. पाचव्या महिन्यात एका मैत्रिणीनं फोन करून बढतीची बातमी दिली. मला आनंद झाला, खरंच झाला. पण त्याआधी क्षणभर पोटात खड्डा पडला, आणि "अगं वा!" म्हणायला जो उशीर झाला तो तिला बरोबर कळला. ती गडबडून म्हणाली, "तसा पगार काही फार वाढला नाहीये गं, कामच वाढलंय." मग मीच तिची समजूत काढत बसले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ स्वतःचीच लाज वाटत होती.

पुढच्याच महिन्यात दुसरीचा मेसेज आला: "आमचं ठरलं! पुढच्या महिन्यात साखरपुडा. ग्रुपवर उद्या रात्री टाकणार आहे, पण तुला आधी सांगायचं होतं. उत्तराची घाई नाही." मी तो दोनदा वाचला, थोडी रडले, तोंड धुतलं आणि तासाभरानं तिला फोन केला. तोवर आवाजात खरा आनंद आला होता. तो एक तास मला हवा होता, आणि तिनं तो न मागता दिला.

तिच्या मेसेजमध्ये काय नव्हतं तेही बघा. "तुझंही लवकरच होईल" नव्हतं, "तुला कसं सांगू कळत नव्हतं" नव्हतं. अशी वाक्यं आली की बातमी बाजूला राहते आणि समोरचीची बेकारी मध्ये येते. तुमच्या ऑफिसात तिच्याजोगी जागा असेल तर तेही आत्ता नको, चार दिवसांनी वेगळं बोला.

मेसेज करायचा दिवस मात्र बघून ठरवा. तिची मुलाखत असेल किंवा निकाल यायचा असेल तर एखादा दिवस थांबा. त्याहून जास्त लांबवू नका. लपवलेलं नंतर कळलं की बातमीपेक्षा "हिला सोसणार नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं" हे जास्त लागतं.

उत्तर म्हणून नुसतं "अभिनंदन" आलं, तर त्यातून अर्थ काढत बसू नका आणि "रागावलीस का?" असंही विचारू नका. आठवडाभरानं नेहमीसारखा फोन करा. प्रमोशनची पार्टी सगळ्यांनी वर्गणी काढून करायचं चाललं असेल, तर तिला बोलवतानाच "खर्च माझा आहे" असं सांगून टाका. मी तेव्हा एका पार्टीला डोकं दुखतंय म्हणून गेले नव्हते. डोकं दुखत नव्हतं, वर्गणीचे पैसे नव्हते.