बस उशिरा आली, हे साहेबांना सांगायचं कसं?

अगं,

तुझा मेल वाचला. महिन्याभरात चौथ्यांदा उशीर झाला, तू "बस आलीच नाही" म्हणालीस, आणि सर नुसतं "हं" म्हणून पुन्हा स्क्रीनकडे वळले. ते "हं" तुला इतकं लागलं की आता कारण सांगायचंच नाही, निमूट बोलणी खायची, असं तू ठरवून टाकलं आहेस. तसं करू नकोस. तू गप्प बसलीस तर तुला कशाची पर्वा नाही, असंच त्यांना वाटेल, आणि तुझ्याबद्दल ते तर खरं नाही.

पण सरांच्या बाजूने बघ. पहिल्या वेळी माणूस कारण ऐकून घेतो. चौथ्या वेळी त्याला कारणात रस नसतो. उद्या नऊ वाजता तू जागेवर असशील की नाही, एवढंच त्याला कळायला हवं असतं. तू कालची गोष्ट सांगतेस आणि ते उद्याची विचारतात. म्हणून तुझं खरं कारणही त्यांना सबब वाटतं. तेव्हा बोलायला जायच्या आधी उद्याचं उत्तर हातात हवं.

तू लिहिलेल्या वेळा मी कागदावर मांडून पाहिल्या. ७.५० ची बस, ती ८.१५ ला स्टेशनवर पोहोचते. ८.२० ची गाडी, ती ८.५० ला उतरवते. पुढे पाच मिनिटं चालणं, म्हणजे ८.५५ ला तू आत. वेळापत्रकाप्रमाणे सगळं बरोबर आहे. पण स्टेशनवर तुझ्या हातात फक्त पाच मिनिटं आहेत, आणि गाडी अर्ध्या तासाला एक. बस सहा मिनिटं उशिरा आली तर तू ८.२१ ला स्टेशनवर पोहोचतेस. ८.२० ची गेलेली असते, ८.५० ची मिळते, आणि तू ९.२५ ला ऑफिसात येतेस. बसचा उशीर सहा मिनिटांचा, तुझा पंचवीस मिनिटांचा.

घोळ इथे आहे. तू म्हणतेस "बस जरा उशिरा आली", तेही खरं. सरांना पंचवीस मिनिटं दिसतात, तेही खरं. पण ज्याला हा मधला सांधा माहीत नाही, त्याला या दोन गोष्टी जुळत नाहीत, आणि जुळल्या नाहीत की माणसाला वाटतं, काहीतरी लपवलं जातंय. एकाच वाहनाने येणाऱ्याला याची कल्पना नसते. त्याची बस सहा मिनिटं उशिरा आली तर तोही सहाच मिनिटं उशिरा येतो. म्हणून हा हिशोब एकदा, दोन वाक्यांत, त्यांना सांगायला हवा. बसवाल्यांच्या कारभारावर बोलू नकोस. ती तक्रार अगदी रास्त असली तरी तिथे तिचा उपयोग नाही.

त्याआधी दोन आठवडे एक वही ठेव. रोज चार वेळा टिपायच्या: घरातून निघालीस कधी, बस थांब्यावर आली कधी, कोणती गाडी मिळाली, ऑफिसात पाय ठेवलास कधी. त्याच वेळी टिपायचं, संध्याकाळी आठवून नाही. आठवणीत वाईट दिवस तेवढे मोठे होतात. पहिला रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक लोक नेमका तोच गाळतात. समज, दहा दिवसांत तीन उशीर निघाले आणि त्यातल्या एका दिवशी तू घरातूनच सात मिनिटं उशिरा निघाली होतीस, तर तो दिवस बसच्या नावावर टाकायचा नाही. "दोन बसमुळे, एक माझ्यामुळे" असं सांगणाऱ्याचे ते दोन लगेच खरे वाटतात. तीनही बसवर ढकलले आणि एक जरी खोटा निघाला, तर उरलेले दोनही गेले.

वही सरांपुढे ठेवायची नाही. ती तुझ्यासाठी आहे. त्यांनी विचारलं तर दाखव.

आता उपाय. पंधरा मिनिटांनी एक बस आहे, म्हणजे ७.३५ ची पकडता येते. ती ८.०० ला स्टेशनवर आली की हातात वीस मिनिटं. ती पंधरा मिनिटं जरी उशिरा आली तरी गाडी सुटत नाही. ती अजिबात आली नाही आणि मागची ७.५० ची वेळेवर आली, तरीही सुटत नाही. रोजची पंधरा मिनिटं झोप जाईल, हे मला कळतं. पण बोलायला जायच्या आधी हे करायला हवं, आणि निदान आठवडाभर करून झालेलं हवं. "मी लवकर निघेन" आणि "गेल्या आठवड्यापासून मी एक बस आधीची घेतेय" यांच्या वजनात फार फरक आहे. पहिलं वचन त्यांनी तुझ्याकडून आधीही ऐकलं असेल.

एवढं करूनही सगळं भागत नाही. ८.२० ची गाडीच दहा मिनिटं उशिरा आली तर तू ९.०५ ला पोहोचणार, आणि ती रद्द झाली तर ९.२५ ला. त्यावर आधीची बस कामाची नाही. ते टाळायचं तर ७.५० ची गाडी धरावी लागेल. तिच्यासाठी ७.२० च्या बसने ७.४५ ला पोहोचून पुन्हा पाचच मिनिटं उरतात, म्हणजे खरं तर ७.०५ ची बस, आणि मग बहुतेक दिवशी ८.२५ ला ऑफिसच्या दारात उभं राहणं. काही कामांमध्ये ते करावंच लागतं. तू काउंटर उघडणारी असतीस, किंवा तू आल्याशिवाय रात्रपाळीच्या माणसाला घरी जाता येत नसतं, तर मी तुला तेच सांगितलं असतं. त्या जागांवर तुझा उशीर थेट दुसऱ्या माणसाच्या अंगावर पडतो. तुझं काम तसं नाही. तुझा पहिला फोन ९.४५ ला असतो, असं तूच लिहिलं आहेस. म्हणून तुला एक मागणी करता येते.

इथे एक चूक फार जण करतात. संकोचाने ते कमी मागतात: "सव्वानऊ चालेल का?" सर हो म्हणतात. मग गाडी चुकते आणि तू ९.२५ ला येतेस, म्हणजे सवलत मिळूनही उशीर. आता बोलायला तोंडच राहत नाही. तुझी चुकलेली गाडी तुला ९.२५ ला पोहोचवते, तर मागायची वेळ साडेनऊ. सुटायची वेळही अर्धा तास पुढे. पंधरा मिनिटं मागणं नम्रपणाचं वाटेल, पण तुझ्या वेळापत्रकात त्याने काहीही बदलत नाही.

बोलायचं कधी? ज्या दिवशी तू वेळेवर आली आहेस, त्या दिवशी. उशिरा येऊन, धापा टाकत, खांद्यावर बॅग तशीच ठेवून काहीही बोललं तरी ती सबबच ऐकू येते. आदल्या दिवशी दहा मिनिटांची वेळ मागून घे. आणि सुरुवात बसपासून करू नकोस, कामापासून कर. साधारण असं:

"सर, या महिन्यात मी चार वेळा उशिरा आले. त्यातल्या दोन वेळा सकाळच्या बैठकीत माझा आढावा दुसऱ्यांना द्यावा लागला, हे मला माहीत आहे. मला बस आणि गाडी अशी दोन वाहनं लागतात. बस पाच मिनिटांहून जास्त उशिरा आली की गाडी चुकते आणि पुढची अर्ध्या तासाने असते. गेल्या आठवड्यापासून मी एक बस आधीची घेतेय, त्यामुळे बसचा प्रश्न बराचसा सुटेल. गाडीच रद्द झाली तर मात्र मला ९.२५ होतील. माझी वेळ साडेनऊ ते साडेसहा केली तर तो दिवसही वेळेत बसेल. ते शक्य नसेल, तर त्या दिवशी सकाळचं काम कसं सांभाळायचं, हे आपण आत्ताच ठरवू या का?"

एवढंच. मग थांब. नेमकं इथेच आपण घाबरून बोलत सुटतो: परवा पाऊस किती होता, रस्ता कसा खोदलाय, अमुक तर रोज उशिरा येतो. शेवटचं वाक्य तर चुकूनही नको. आणि माफी एकदाच माग. पाचदा मागितली की समोरच्यावर तुझी समजूत काढायची वेळ येते.

यातलं "मात्र मला ९.२५ होतील" हे वाक्य गाळावंसं वाटेल. गाळू नकोस. "आता कधीच उशीर होणार नाही" असं म्हणालीस आणि पुढच्याच आठवड्यात गाडी रद्द झाली, तर तुझा शब्द मोडला असं होईल. आधी सांगून ठेवलं असेल, तर तू सांगितलं होतंस तसंच घडलं, एवढंच.

बोलणं झालं की त्याच दिवशी तीन-चार ओळींचा मेल टाक: काय ठरलं, कधीपासून, आणि महिन्याने पुन्हा पाहू. सर बदलले किंवा विसरले, तरी ते लेखी राहील.

आता ज्या दिवशी खरंच उशीर होईल, त्या दिवसाचं. गाडी चुकली हे तुला ८.२१ ला कळतं, म्हणजे नऊ वाजायला एकोणचाळीस मिनिटं असतात. मेसेज तेव्हाच जायला हवा. नऊ वाजून दोन मिनिटांनी आलेला मेसेज कोणाच्याच उपयोगाचा नसतो, कारण तोवर तुझी खुर्ची रिकामी आहे हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मजकूर: "८.२० ची गाडी चुकली. ९.२५ ला पोहोचते. नऊच्या बैठकीचा आढावा शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. ९.४५ चा फोन मीच घेईन." रडका चेहरा नको, "यार, परत तेच" नको. आणि "निघालेच आहे, पाच मिनिटांत" हे तर अजिबात नको. पाचाची पंधरा झाली की एकाच सकाळी दोनदा उशीर होतो. जरा सावध वेळ सांग आणि तिच्या आत पोहोच. आढावा फोल्डरमध्ये असायचा तर तो आदल्या संध्याकाळी टाकलेला हवा, हे ओघाने आलंच.

पोहोचल्यावर सगळ्या टेबलांपुढे कहाणी सांगत बसू नकोस. सरांकडे पाहून "आले" म्हण आणि कामाला लाग.

ते साडेनऊला नाही म्हणतील, असंही होऊ शकतं, आणि त्यात त्यांचा दुष्टपणा असेलच असं नाही. एकाला वेळ दिली की चौघं मागतात. तसं झालं तर विचार, की घरून काम करायचा एखादा दिवस मिळेल का, किंवा सकाळची बैठक ९.३० ला घेता येईल का. दुसरी मागणी अनेकदा सहज मान्य होते, कारण ती फक्त तुझ्यासाठी नसते. तेही नाही झालं, तर ७.०५ च्या बसचा हिशोब काढून बघ. त्या वेळा महिनाभर पाळून पाहिल्या की ही नोकरी त्या घरातून झेपते की नाही, हे तुला कळेल. मग घर बदलायचं की काम, यावर आपण सावकाश बोलू.

वही आजपासूनच सुरू कर. दोन आठवड्यांनी तिच्या पानांचे फोटो पाठव, म्हणजे सरांकडे जायच्या आधी आपण ते चार रकाने एकत्र पाहू.

तुझी,
ताई