पहारेकऱ्याला एकच शंकू देऊ नकोस

लपतछपत खेळायच्या तुझ्या व्हिडिओ गेममध्ये तू पहारेकऱ्याला नजरेचा साठ अंशांचा एकच शंकू दिला आहेस, म्हणून खेळाडू कडेवर पाऊल टाकताच पकडला जातो आणि त्याला ते अन्यायाचं वाटतं. १९९८च्या 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' या गेममध्ये प्रत्येक पहारेकऱ्याला अनेक शंकू होते, क्रमाने लावलेले. खेळाडू ज्या पहिल्या शंकूत सापडेल, त्याचेच नियम लागू.

खेळाडू किती दिसतोय, हा आकडा वेगळा ठेव. तो प्रकाश, हालचाल आणि आडोसा यांवरून ठरतो. समज, अंधारात हा आकडा ०.३ आहे. लांबच्या शंकूत पहारेकऱ्याचा संशय वाढण्याचा वेग सेकंदाला ४० ठेवलास, तर ०.३ने गुणून संशय सेकंदाला १२ने चढेल आणि पकडलं जाण्याची ५०ची मर्यादा गाठायला चार सेकंदांहून थोडं जास्त लागेल. जवळच्या शंकूचा वेग २०० असेल, तर सेकंदाच्या आतच खेळ संपला. खेळाडूला मागे सरकायला मिळणारी ती चार सेकंदं हाच खरा खेळ आहे, ती जपच.

आवाजासाठी सरळ रेषेतलं अंतर मोजू नकोस. भिंतीपलीकडचा पहारेकरी उगाच धावत आला, तर चूक इथेच आहे. आवाज दारांतून, खोल्याखोल्यांतून फिरव. बंद दाराने तो कमी होऊ दे. संगमरवरावरचं पाऊल मोठं, गालिच्यावरचं जवळपास मुकं. शिवाय आवाजाने फक्त शोध सुरू व्हावा, थेट हल्ला नको.

खेळाडू नजरेआड झाला की संशय लगेच शून्यावर आणू नकोस. हल्ला, मग शोध, मग नुसती सावधगिरी, असा पायरीपायरीने उतरव.