सावजी, की saoji? शीर्षक ठरवण्याआधी शोधशब्द वाचा

ताई, तुमच्या यूट्यूब रेसिपी चॅनलवरच्या व्हिडिओंचं शीर्षक कोणत्या लिपीत ठेवायचं, हे अंदाजानं ठरवू नका. यूट्यूब स्टुडिओत अ‍ॅनालिटिक्समध्ये Traffic source उघडा, त्यात YouTube search वर दाबा आणि कालावधी ९० दिवसांचा ठेवा. लोकांनी काय टाइप केलं, ते अक्षरशः तसंच दिसेल.

आपल्या नागपुरी सावजीचंच घ्या. कुणी saoji लिहितं, कुणी savji, कुणी सावजी. रोमन जास्त दिसलं, तर ज्या स्पेलिंगला जास्त व्ह्यूज आहेत तेच शीर्षकात घ्या, दोन्ही रोमन स्पेलिंग कोंबू नका. देवनागरी दिसली, तरी जरा थांबा. ‘सावजी मटन’ शोधणारा बहुधा हिंदीवाला, ‘सावजी मटण’वाला आपला. सरासरी किती वेळ बघितलं, हा आकडा शेजारीच असतो. ‘मटन’वाले लगेच पळत असतील, तर त्यांच्यासाठी शीर्षक बदलण्यात अर्थ नाही.

एक खोट मात्र या यादीत आहेच. ज्या शोधातून लोक तुमच्या व्हिडिओवर आले, तेवढेच शब्द त्यात येतात. आजवर शीर्षकं फक्त रोमनमध्ये असतील, तर देवनागरी कमी दिसणारच. म्हणून पुढचे तीन-चार व्हिडिओ ‘सावजी मटण रस्सा | Saoji Mutton’ असे मिश्र ठेवा आणि मग यादी पुन्हा वाचा. मराठी आधी घ्या, कारण मोबाइलवर लांब शीर्षकाचं शेपूट कापलं जातं. जुन्या, चालत्या व्हिडिओंना सध्या हात लावू नका.