संभाव्यता निकालाची, लाइकलीहुड p चं

प्रश्न: "'मॅक्सिमम लाइकलीहुड'ला मराठीत 'महत्तम संभाव्यता' म्हटलं तर चालेल का? लाइकलीहुड म्हणजे शेवटी प्रॉबॅबिलिटीच ना? एखादं गणित पायरीपायरीने सोडवून सांगितलंत तर बरं."

चालणार नाही. दहावीच्या पुस्तकापासून 'संभाव्यता' हा शब्द प्रॉबॅबिलिटीसाठी पक्का झालेला आहे आणि लाइकलीहुड ही तिच्याहून वेगळी गोष्ट आहे. दोन्हींचं सूत्र दिसायला एकच असतं, म्हणून घोळ होतो. गणित सोडवताना तो फरक आपोआप दिसतो, तेव्हा आधी गणितच घेऊ.

उदाहरण सोयाबीनच्या उगवण चाचणीचं घेते. पेरणीआधी घरचं बियाणं तपासायला ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडतात, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतात, अधूनमधून पाणी शिंपडतात आणि सहा-सात दिवसांनी कोंब मोजतात. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. सोयीसाठी आधी एकच ओळ पाहू. दहा दाण्यांपैकी सात उगवले. एक दाणा उगवण्याची संभाव्यता p मानली आणि प्रत्येक दाण्याचं नशीब इतरांपासून स्वतंत्र आहे असं धरलं, तर दहात नेमके सात उगवण्याचं सूत्र असं:

```
120 · p^7 · (1-p)^3
```

यातले 120 म्हणजे दहातले सात दाणे निवडण्याचे प्रकार. आता हेच सूत्र दोन तऱ्हांनी वाचता येतं.

पहिल्या वाचनात p ठरलेला असतो. समजा p = ०.७ आहे. मग सात दाणे उगवण्याची संभाव्यता ०.२६७ येते, आठ उगवण्याची ०.२३३, सहा उगवण्याची ०.२००. शून्यापासून दहापर्यंतच्या सगळ्या अकरा शक्यतांची बेरीज बरोबर १ होते, कारण यांपैकी काहीतरी एक घडणारच. ही संभाव्यता, आणि ती निकालाची आहे.

दुसऱ्या वाचनात निकाल ठरलेला असतो. सात दाणे उगवले, ते डोळ्यांसमोर आहेत, त्यात आता बदल नाही. माहीत नाही तो p. म्हणून सात जागच्या जागी ठेवून p बदलत जायचं आणि सूत्र काय देतं ते पाहायचं:

```
p = 0.5   0.117
p = 0.6   0.215
p = 0.7   0.267
p = 0.8   0.201
p = 0.9   0.057
```

या उजवीकडच्या आकड्यांना लाइकलीहुड म्हणतात. ते p चं आहे, निकालाचं नाही. आणि इथेच 'संभाव्यता' हा शब्द दगा देतो. '०.७ ची महत्तम संभाव्यता ०.२६७' असं लिहिलं, की वाचणारा समजतो, p खरोखर ०.७ असण्याची शक्यता २६.७ टक्के आहे. तसं मुळीच नाही. p ला शून्य ते एकमधली कोणतीही किंमत घेता येते. त्या सगळ्या पट्ट्यावर हा वक्र काढून त्याखालचं क्षेत्रफळ मोजलं तर ते १ येत नाही, १/११ येतं. संभाव्यता म्हणायची तर एकूण भरायला हवं ते १, आणि इथे तर ते जवळपासही जात नाही.

अजून एक खूण. दाणे कोणत्या क्रमाने उगवले तेही टिपून ठेवलं, म्हणजे पहिला उगवला, दुसरा नाही, असं, तर 120 ने गुणायची गरज उरत नाही. मग ०.७ समोरचा आकडा ०.२६७ च्या जागी ०.००२२ होतो. p विषयी आपली माहिती तर तसूभरही बदललेली नाही. यावरून कळतं की लाइकलीहुडच्या उंचीला स्वतःचा अर्थ नसतो, अर्थ असतो तो गुणोत्तराला. ०.५ चं लाइकलीहुड ०.७ च्या लाइकलीहुडच्या ०.४४ पट आहे, आणि 120 धरा किंवा सोडा, हे ०.४४ हलत नाही. म्हणून 'सात उगवले हा निकाल p = ०.५ पेक्षा p = ०.७ शी सव्वादोन पट चांगला जुळतो' एवढंच म्हणायचा अधिकार आपल्याला आहे.

हा गोंधळ फक्त आपल्या भाषेतला नाही. इंग्रजीत हे दोन्ही शब्द बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास येतात. मॅक्सिमम लाइकलीहुडची पद्धत मांडणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९१२ च्या आपल्या पहिल्या लेखात 'उलटी संभाव्यता' या अर्थाचीच भाषा वापरली होती. पुढे त्यांनी 'लाइकलीहुड' हा शब्द मुद्दाम वेगळा काढला आणि १९२२ च्या मोठ्या लेखात आपली आधीची मांडणी चुकल्याचं मोकळेपणाने लिहिलं. त्यांना जे दोन शब्द कष्टाने वेगळे करावे लागले, ते मराठीत आणताना आपण पुन्हा एकत्र बांधू नयेत असं मला मनापासून वाटतं. 'संभाविता' हा शब्दही सुचवला जातो, पण तो कानाला 'संभाव्यता'च ऐकू येतो आणि लिहितानाही एका अक्षराने घसरतो. 'शक्यता' म्हणावं तर 'पावसाची शक्यता ६० टक्के' असं आपण रोज म्हणतो, म्हणजे तोही शब्द प्रॉबॅबिलिटीने आधीच अडवलेला. मी 'लाइकलीहुड' असंच लिहिते आणि 'p चं लाइकलीहुड' अशी षष्ठी आवर्जून लावते. ती षष्ठी लावली, की ते कशाचं आहे हे विसरायला होत नाही.

आता सर्वांत मोठं लाइकलीहुड नेमक्या कोणत्या p ला मिळतं ते काढू. तक्त्यावरून ०.७ दिसतंच, पण ०.६९ किंवा ०.७१ नाही कशावरून? वक्राच्या माथ्यावर चढ शून्य असतो, म्हणून डेरिव्हेटिव्ह काढून शून्याशी मांडायचं. गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढणं किचकट, म्हणून आधी लॉग घ्यायचा. लॉग घेतल्याने माथा जागचा हलत नाही, कारण संख्या वाढली की तिचा लॉगही वाढतोच, आणि गुणाकाराची मात्र बेरीज होते:

```
log L = log 120 + 7 log p + 3 log(1-p)

7/p - 3/(1-p) = 0
7(1-p) = 3p
7 = 10p
p = 0.7
```

log 120 मध्ये p नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह घेताना तो गळून पडतो. वर जे म्हटलं ते इथे पुन्हा दिसतं. सातच्या जागी x आणि दहाच्या जागी n ठेवलं तर उत्तर x/n, म्हणजे उगवलेले भागिले एकूण. शेतकरी जे टक्के काढतो तेच हे. मग एवढा खटाटोप कशाला? कारण याच वक्रातून त्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा तेही निघतं.

त्यासाठी दुसरं डेरिव्हेटिव्ह काढायचं:

```
-7/p^2 - 3/(1-p)^2
```

हे नेहमी ऋण येतं, म्हणजे सापडला तो माथाच, दरी नव्हे. ०.७ ला त्याची किंमत साधारण −४७.६ येते. चिन्ह काढून उलटवा, वर्गमूळ घ्या: ०.१४५. ही अंदाजाची प्रमाण चूक. दहा दाण्यांवरून '७० टक्के' म्हणताना साडेचौदा टक्क्यांचा हेलकावा सोबत असतो, म्हणजे एका ओळीवरून बियाणं पास की नापास हे ठरवणं फोल आहे. शंभर दाण्यांत सत्तर उगवले तर माथा तिथेच राहतो, पण वक्र खूप टोकदार होतो आणि प्रमाण चूक ०.०४६ वर येते. एका ओळीच्या वेळी ०.७ हे ०.५ पेक्षा सव्वादोन पट वरचढ होतं. शंभर दाण्यांत ते सुमारे पावणेचार हजार पटींनी वरचढ ठरतं, कारण दहा ओळींची गुणोत्तरं एकमेकांना गुणली जातात.

ही कृती एका ठिकाणी मोडते, आणि तो प्रसंग चांगल्या बियाण्यात हमखास येतो. दहाच्या दहा दाणे उगवले तर लाइकलीहुड फक्त p^10 उरतं. त्याच्या लॉगचं डेरिव्हेटिव्ह 10/p, आणि ते कधीच शून्य होत नाही. माथा आहे, पण तो p = १ या कडेवर; तिथे चढ संपत नाही, रस्ताच संपतो. p = १ असं उत्तर हाती येतं, आणि p(1-p)/n चं वर्गमूळ हे प्रमाण चुकीचं नेहमीचं सूत्र शून्य देतं, म्हणजे 'एकही दाणा कधी वाया जाणार नाही'. ते कुणी खरं मानू नये. अशा वेळी वक्राकडे परत जायचं. p = ०.९ असतानाही दहाच्या दहा उगवण्याची संभाव्यता ३५ टक्के आहे, p = ०.७५ असताना ५.६ टक्के. म्हणजे दहाच्या दहा उगवले तरी ०.७५ पर्यंतचे p पुरते बाद होत नाहीत. उत्तर 'एक' असं न देता 'बहुधा ०.७५ च्या वर' असं द्यायचं.

दुसरी मेख सुरुवातीला गृहीत धरलेल्या 'स्वतंत्र' या शब्दात आहे. ओल्या गोणपाटात एका दाण्यावर बुरशी धरली की ती शेजारच्या दाण्यांवर पसरते, मग दाण्यांचं नशीब स्वतंत्र राहत नाही. समजा दहा ओळींत कोंब असे निघाले:

```
9 9 8 9 2 1 8 9 8 7
```

बेरीज ७०, अंदाज ०.७, सगळं वरच्यासारखंच. फक्त एकूण बेरीज पाहणाऱ्याला काहीच खटकणार नाही. पण दाणे स्वतंत्र असते तर ओळींच्या आकड्यांचं व्हेरियन्स 10 × 0.7 × 0.3, म्हणजे २.१ च्या आसपास हवं होतं. इथे ते ८.९ आहे, चौपटीहून जास्त. पाचवी आणि सहावी ओळ एकमेकींना लागून आहेत हेही बोलकं आहे. सूत्राने दिलेली ०.०४६ ही प्रमाण चूक इथे खोटा दिलासा आहे. ओळींच्या प्रत्यक्ष चढउतारावरून काढली तर ती ०.०९४ येते, दुप्पट. शेजारच्या ओळी एकत्र बिघडत असतील तर तीही कमीच पडेल. अशा चाचणीवरून '७० टक्के, पास' असं लिहू नये. त्या दोन ओळींतले दाणे उघडून बुरशी पाहावी आणि नवे शंभर दाणे निरनिराळ्या गोणपाटांवर, दाण्यादाण्यांत अंतर ठेवून मांडावेत.