शिल्लक चुकली ती ओळ

प्रश्न: बचत खात्याच्या उताऱ्यात शेवटची शिल्लक माझ्या बेरजेपेक्षा कमी येतेय. नोंदी तर सगळ्या बरोबर दिसतात. चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हे कसं शोधू?

पहिल्या ओळीपासून स्वतःची बेरीज चालवत खाली जाऊ नका. प्रत्येक ओळ तपासताना तिच्या लगेच वरच्या ओळीत लिहिलेली शिल्लक घ्या, त्यात जमा मिळवा किंवा नावे वजा करा, आणि येणारा आकडा त्या ओळीच्या शिलकीशी ताडून पाहा. वरचा आकडा चुकीचा आहे असं वाटलं तरी तोच घ्यायचा. स्वतःची बेरीज चालवली की एकदा चूक लागल्यावर खालच्या सगळ्याच ओळी चुकलेल्या दिसतात आणि माणूस गोंधळतो. लिहिलेल्या शिलकीवरून तपासलं तर जिथे हिशोब घसरला तेवढीच ओळ अडकते.

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडे मी बरीच वर्षं रोजमेळ लिहिला, तिथे ही सवय लागली. मागे आत्याचं पतसंस्थेचं पासबुक असंच तपासलं. हाताने लिहिलेलं होतं. महिन्याची सुरुवातीची शिल्लक १८,४५०. तीन तारखेला १२,६०० जमा, शिल्लक ३१,०५०. नऊला ५,००० काढले, २६,०५०. चौदाला १,८४० काढले, २४,२१०. इथपर्यंत ठीक. एकवीसला ६,३०० जमा आणि शिल्लक लिहिलेली ३०,१५०. चोवीस हजार दोनशे दहात सहा हजार तीनशे मिळवले की ३०,५१० होतात. पुढची ओळ अठ्ठावीसची: २,५०० काढले, शिल्लक २७,६५०. ही ओळ तपासात बरोबर निघते, कारण ३०,१५० मधून २,५०० गेले की तेवढेच उरतात. म्हणजे चूक एकवीसच्याच ओळीत, आणि महिनाअखेरीस शिल्लक २८,०१० हवी होती.

ओळ सापडली की फरकाकडे बघा, चूक कशी झाली ते तोच सांगतो. इथे फरक ३६०, म्हणजे नऊच्या पाढ्यातला. दोन शेजारचे अंक उलटे पडले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो. ५१० चे १५० झाले ते असेच. नऊने भाग गेला म्हणजे अंकच उलटले असं मात्र नाही, आधी आकडे शेजारी ठेवून बघा. फरक त्या ओळीतल्या रकमेच्या बरोबर दुप्पट असेल तर जमेचं नावे किंवा नावेचं जमा झालंय: १,२०० मिळवायच्या जागी वजा केले की फरक २,४०० येतो. आणि पान उलटताना फरक आला तर मागच्या पानाची शेवटची शिल्लक आणि नव्या पानावर ओढलेली शिल्लक आधी जुळवा. तिथे एखादी नोंद गळलेली असते किंवा आकडा चुकीचा उतरवलेला असतो.

मी आत्याला घेऊन काउंटरवर गेलो. तिथल्या मुलाने खतावणी उघडली, "काका, आमच्याकडे तीस हजार पाचशे दहाच आहेत," म्हणाला. चूक फक्त पासबुकात उतरवताना झाली होती. त्याने आकडा खोडून शेजारी सही केली. हे विचारायलाच हवं, कारण खतावणीतही ३०,१५० असते तर व्याजही कमी पडलं असतं. बँकांत १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिलकीवर व्याज काढतात. तसा ३ टक्के दर धरला तर ३६० रुपयांवर ९२ दिवसांचे २ रुपये ७२ पैसे होतात. रक्कम लहान आहे, पण चूक राहिली तर प्रत्येक तिमाहीत पुन्हा लागते.

तुमचा उतारा संगणकावरचा असेल तर शीटमध्ये C मध्ये नावे, D मध्ये जमा आणि E मध्ये शिल्लक ठेवा. दुसऱ्या रांगेत सुरुवातीची शिल्लक, मग F3 मध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=ROUND(E2+D3-C3-E3,2)
```

शून्य आलं की ओळ बरोबर. सगळ्याच ओळींत फरक आला तर बँकेला दोष देऊ नका: बहुतेक वेळा उतारा नवीन तारखेपासून जुन्याकडे छापलेला असतो, तो उलटा लावा. आकड्यापुढे Cr असलं की शीट त्याला मजकूर समजतं, तेही काढून टाका.

सगळ्या ओळींत शून्य आलं आणि तरीही तुमची बेरीज जुळत नसेल, तर हिशोब बरोबर आहे आणि एखादी नोंदच वेगळी आहे. मग भरणा स्लिपा आणि मोबाईलवरचे मेसेज घेऊन एकेका रकमेवर टिक करत बसावं लागेल.