‘बायको’ सांगितली आणि तिथेच फसलो

> वय ३१, धुळे जिल्हा. मला पुरुष आवडतात. चार-पाच महिने झाले, ऐन वेळी ताठरता जाते. कंडोम चढवेपर्यंत सगळं संपतं. मेडिकलमधून गोळी आणून घेऊ का? डॉक्टरला पार्टनर पुरुष आहे हे सांगावंच लागतं का?

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. हो, सांग. मी सांगितलं नाही आणि भुसावळच्या एका लॉजमध्ये बाथरूमच्या फरशीवर पडून भुवई फोडून घेतली. मी डॉक्टर नाही, केळीच्या धंद्यातला माणूस आहे, तेव्हा पुढचं सगळं त्या हिशोबाने वाच.

तेव्हा मी ४२ चा होतो. पहिल्या डॉक्टरला खरं तेच सांगितलं होतं. त्याने पेन खाली ठेवलं आणि कंपाउंडरसमोरच म्हणाला, “अहो, हेच तर कारण. लग्न करून टाका, सगळं जागेवर येईल.” ना बीपी पाहिलं, ना शुगर. फी मात्र पूर्ण घेतली. (नाव लिहिणार नाही, मेसेज करून विचारू नका.) दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच ठरवलं, पुढच्याला बायको सांगायची.

दुसरा डॉक्टर खरं तर भला होता. मिसेससोबत कधीपासून त्रास आहे, छातीत दुखतं का, जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी घेता का, सगळं विचारलं. ती गोळी म्हणजे नायट्रेट, आणि नायट्रेट घेणाऱ्याला सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, देत नाहीत. मी नाही म्हणालो, तेही खरंच होतं. त्याने ५० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. पॉपर्सचं त्याने विचारलं नाही. बायकोवाल्या माणसाला कोण विचारतो? आणि हुंगायच्या त्या छोट्या बाटलीत नायट्राइट असतं, म्हणजे त्याच घराण्यातलं, हे मला कुठे ठाऊक! गोळीही रक्तवाहिन्या सैल करते, पॉपर्सही करतात. दोन्ही एकत्र आले की बीपी धाडकन खाली येतं. मी दोनदा हुंगलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बाथरूमपर्यंत कसाबसा गेलो आणि कोसळलो. सोबतच्याने पाय वर धरले. १०८ ला फोन करायची मात्र त्याची हिंमत होईना, दोघं इथे काय करत होतात असं विचारतील म्हणून. नशीब, दहा मिनिटांत भानावर आलो.

तिसऱ्या वेळी नाशिक गाठलं. खुर्चीत बसताच सांगितलं, “माझा पार्टनर पुरुष आहे, याची तुम्हाला अडचण असेल तर आत्ताच सांगा.” डॉक्टर म्हणाले, “अडचण नाही. सकाळी उठताना ताठरता असते का?” बस्स, इतकंच. माझी सकाळचीही गेली होती, एकट्यानेही होत नव्हतं. म्हणजे मनाच्या भीतीपेक्षा शरीरातच काहीतरी बिघडलंय, असा त्यांचा अंदाज. तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीए१सी तपासणी केली, ती ८.४ आली. बीपीही वाढलेलं. साडेतीन वर्षं मी मधुमेह घेऊन फिरत असेन आणि पहिला डॉक्टर लग्न सुचवत होता! शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, म्हणून कधी कधी बिघाड तिथे आधी दिसतो, असं त्यांनी समजावलं. शुगरची औषधं सुरू झाली, तंबाखू सोडली (हे सगळ्यात अवघड गेलं), आणि चार-पाच महिन्यांत बराच फरक पडला. पूर्ण पहिल्यासारखं नाही, खोटं कशाला बोलू.

तुझं वेगळं वाटतं. एकट्याने आणि सकाळी ठीक असेल आणि फक्त कंडोमपाशी जात असेल, तर बहुधा घाई, ताण किंवा घट्ट कंडोम. मोठ्या मापाचा घेऊन घरी एकट्याने चढवायची सवय कर. शिवाय मागून करताना जास्त कडकपणा लागतो, त्यामुळे थोडी ढिलाईही जास्त जाणवते. तरी वय ३१ आहे म्हणून शुगर-बीपी टाळू नकोस. टेस्टोस्टेरॉन करायला सांगितलं तर रक्त सकाळीच दे, दुपारी आकडा कमी येतो.

मेडिकलवाल्याकडून गोळी? माझं ऐकशील तर नको. घेतलीस तर पॉपर्स अजिबात नाही. छातीत दुखू लागलं तर कॅज्युअल्टीत आधी गोळीचं सांगायचं, नाहीतर ते जिभेखाली नायट्रेट ठेवतील. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर तेही सांग, त्यातल्या काहींमुळे सिल्डेनाफिल रक्तात जास्त राहतं आणि डोस फार कमी करावा लागतो. आणि शेवभाजी-भरीत चापून गोळी घेतली तर ती उशिरा लागते. मग अर्ध्या तासात काही होईना म्हणून लोक दुसरी घेतात. मी घेतली होती, त्या रात्री डोकं असं ठणकलं की पहाटेची पॅसेंजर चुकली.

जाण्याआधी दवाखान्यात फोन कर आणि सरळ विचार, पुरुष पार्टनर असलेल्या पेशंटला तपासता का. समोरचा हसला किंवा “म्हणजे?” म्हणाला, तर फोन ठेव आणि पुढचा नंबर लाव.