छत्री-रेनकोटच्या दुकानाचा स्टॉक टर्नओव्हर काढताना

वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा स्टॉक धरून तुम्ही स्टॉक टर्नओव्हर, म्हणजे सरासरी स्टॉक वर्षात किती वेळा विकला गेला तो आकडा, १५ काढलात. तो गणिताने बरोबर आहे, पण त्यावर खरेदी ठरवू नका. विकलेल्या मालाची किंमत ६० लाख, १ एप्रिलचा स्टॉक ३ लाख, ३१ मार्चचा ५ लाख. सरासरी ४ लाख. म्हणजे माल जेमतेम २४ दिवस पडून राहतो, असं दिसतं. पण छत्र्यांच्या धंद्यात मार्चअखेर गोडाऊन रिकामंच असतं. दोन्ही आकडे एकाच ओसाड दिवसाचे, आणि मेअखेरचा ३० लाखांचा स्टॉक हिशोबात कुठेच नाही.

त्याऐवजी सुरुवातीचा स्टॉक आणि बारा महिनाअखेरचे स्टॉक, असे १३ आकडे घ्या. समजा बेरीज १३० लाख आली, तर सरासरी १० लाख. टर्नओव्हर ६, म्हणजे माल साधारण ६१ दिवस अडकतो. खेळतं भांडवल याच आकड्यावर मागा.

दर महिन्याला माल मोजत बसायची गरज नाही. मागचा स्टॉक अधिक खरेदी, वजा विकलेला माल खरेदीभावाने, की महिनाअखेरचा स्टॉक निघतो. कॅश क्रेडिट असेल तर बँकेला दरमहा देता ते स्टॉक स्टेटमेंट हाताशी असतंच (फुगवलेलं नसेल तर!). टॅलीत क्लोजिंग स्टॉक वर्षाअखेरीस हाताने टाकत असाल, तर तिथले मधल्या महिन्यांचे आकडे धरू नका.

शिवाय ऑक्टोबरनंतरचा स्टॉक वेगळा पाहा. तो हलत नसेल, तर जुन्या डिझाइनचा माल साचलाय.